फोनचं दुसरं टोक तुझ्याकडे आहे

*ताई, माझी मोठी बहीण जर्मनीत माग्डेबुर्गला एमएससी करते. ती दिवसभराचे तुकडे मोबाईलवर काढून पाठवते आणि मी गावात बसून ते जोडतो. "जर्मनीतल्या मराठी मुलीचा एक दिवस" असे दीड-दीड मिनिटाचे चार व्हिडिओ झाले. पहिला सगळ्यांनी पाहिला, बाकीचे कोणी शेवटपर्यंत पाहत नाही. शेवटी "तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये नक्की सांगा" म्हणतो, तर कमेंट फक्त आमच्या मामाची येते. स्क्रिप्ट कशी लिहायची? सुरुवात काय करायची आणि शेवटी काय विचारायचं? लिंक सोबत पाठवली आहे.*
*— एक भाऊ, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ*

भाऊ, चारही व्हिडिओ पाहिले. चौथा दोनदा पाहिला आणि त्यातली पहिली आठ सेकंदं कागदावर लिहून काढली. आकाशातून दिसणारं एक शहर, त्यावर गिटार, मग तुझ्या बहिणीचा आवाज: "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर आपलं मनापासून स्वागत आहे." आकाशातला तो तुकडा तिने काढलेला नाही, कुठून तरी उतरवला आहे, हे कोणालाही कळतं. त्यात झाडं हिरवीगार आहेत आणि पुढच्याच तुकड्यात बाई कानटोपी घालून बसल्या आहेत.

मग दात घासणं, चहा, ट्राम, लायब्ररी, जेवण, ट्राम, खोली. हे टाइमटेबल झालं. शाळेच्या भिंतीवर लावलेलं टाइमटेबल कोणी उभं राहून वाचत नाही; आपला तास कोणता एवढं पाहून पुढे जातं. पहिला व्हिडिओ चालला कारण गावाला तिला बघायचं होतं. पोरगी नीट आहे, जाकीट चांगलं घेतलं, तब्येत जरा उतरली, एवढं कळलं आणि लोकांचं काम झालं. दुसऱ्यापासून त्यांना थांबायला कारण लागतं, आणि ते कारण तुझ्या तुकड्यांत नाही.

चौथ्यात पन्नासाव्या सेकंदाला मात्र ती रिकाम्या बाटल्या एका मशीनमध्ये टाकते आणि मशीन तिला चिठ्ठी देते. तिथे मी थांबले. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली किंवा पेयाचा डबा परत केला की पंचवीस सेंट मिळतात, कारण विकत घेताना तेवढे जास्तीचे दिलेले असतात. आपल्याकडे सोड्याची बाटली परत दिली की डिपॉझिट मिळायचं, त्यातलाच हा प्रकार. त्या एका मशीनवर अख्खा व्हिडिओ उभा राहिला असता: बाटल्या साठवायच्या कुठे, किती साठल्या की जायचं, चिठ्ठीच्या पैशात काय येतं. तू त्याला तीन सेकंदं दिलीस आणि ट्रामला अकरा.

तर पहिली गोष्ट ही की दिवसातून एक वस्तू किंवा एक अडचण निवडायची आणि दिवस तिच्यावर टांगायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ येतातच, पण त्या एका धाग्याला धरून येतात. धागा एका शब्दात सांगता येत नसेल तर तो धागा नाही असं समज. "बाटली" चालेल. "जर्मनीतलं आयुष्य" चालणार नाही.

पाचव्या व्हिडिओसाठी धागा मी सुचवते, कारण तो तुझ्या तुकड्यांत आधीच पडलेला आहे आणि तुला दिसलेला नाही. चारही व्हिडिओंत एकदा तरी ती कानाला फोन लावून चालताना दिसते. चारही वेळा तू तिचा आवाज बंद करून वर गाणं टाकलंस. ती कोणाशी बोलत होती? मायशी ना?

हिवाळ्यात आपलं घड्याळ जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतं. आता डिसेंबरातला तिचा दिवस आणि मायचा दिवस शेजारी ठेवून बघ. ती सातला उठते तेव्हा तुमच्याकडे साडेअकरा. माय पऱ्हाटीत, ओटीत कापूस, फोन घरी चार्जिंगला. तिचे तास आणि काम संपून ती संध्याकाळी सहाला मोकळी होते तेव्हा तुमच्याकडे साडेदहा, माय झोपलेली. राहिली दुपार. तिचा एक वाजतो, ती विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, ज्याला तिकडे मेन्झा म्हणतात, रांगेत ताट घेऊन उभी असते. तेव्हा तुमच्याकडे साडेपाच. माय वावरातून येऊन पाय धुऊन ओट्यावर टेकलेली असते. अख्ख्या दिवसात दोघींना मिळून एवढाच अर्धा तास आहे.

हा झाला व्हिडिओ. यात जर्मनी आपोआप येते: अंधारी सकाळ, ट्राम, लॅब, कँटीन. पण बघणाऱ्याला थांबायला कारण मिळतं, फोन लागेल की नाही. आणि हे बघायला परदेशात पोरगी असायला पाहिजे असंही नाही. ज्याचं पोरगं पुण्याला होस्टेलवर आहे, जिची लेक वर्ध्याला दिली आहे, त्या सगळ्यांना फोनची अशी ठरलेली वेळ माहीत असते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. असे दिवसभराचे व्हिडिओ करणारी बहुतेक पोरं एकटी असतात. त्यांच्याकडे फक्त परदेशातला कॅमेरा असतो. तुमच्याकडे दोन आहेत. तू गावात बसून फक्त कात्री चालवतोस. अरे, फोनचं दुसरं टोक तुझ्या घरात आहे! मायचे हात, पऱ्हाटी, ओटा, रांजण, हे सगळं तुझ्यापासून दहा पावलांवर आहे आणि व्हिडिओत त्यातलं काहीच नाही. तू बहिणीकडून तुकडे मागतोस तसे स्वतःकडूनही माग.

आता स्क्रिप्ट. कागदाचे दोन रकाने कर, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. दीड मिनिटाला बोलायचे शब्द किती? मी सेकंदाला दोन शब्द धरते, म्हणजे न थांबता बोललं तर एकशे ऐंशी. पण न थांबता बोललेलं कोणी ऐकत नाही, आणि तुझ्या व्हिडिओत मायलाही बोलायचं आहे. म्हणून बहिणीच्या तोंडी शंभराच्या आत ठेव. खाली मी लिहून दिलंय ते तसंच घ्यायला नको, ती बोलते तसं तिला बदलू दे. वऱ्हाडीत लिहिलंय, कारण चारही व्हिडिओंत ती बातम्या दिल्यासारखी बोलते आणि फोनवर दीड सेकंद आवाज राहिला होता त्यात ती "हो माय, आली आली" म्हणाली. तीच खरी ती.

० ते ४ सेकंद. *दिसतं:* अंधारी खिडकी, मोबाईलवर ७:००. लगेच कट: रखरखीत उन्हात मायचे हात, बोंडातून कापूस निघतो.
*ऐकू येतं:* "मी उठते तवा मायचा अर्धा दिवस झाला रायते."

४ ते २०. *दिसतं:* चहा, जाकिटाची चेन, काळोखातला ट्रामचा थांबा. मध्ये एकदा घरचा चार्जिंगला लावलेला फोन.
*ऐकू येतं:* "अठी सात वाजले, घरी साडेअकरा. आठ वाजून गेले तरी दिवस उगवत नाई. आता फोन लावला तं कोणीच उचलत नाई. माय वावरात, फोन घरी."

२० ते ४०. *दिसतं:* लॅबमध्ये तिचे हातमोजे घातलेले हात, माय कापसाचं गाठोडं बांधते, पुन्हा लॅब.
*ऐकू येतं:* "संध्याकाळी सहाले मी मोकळी होते. घरी तवा साडेदहा. माय झोपली रायते. म्हणून आमच्याजवळ एकच टाइम हाय. माही दुपार अन् तिची संध्याकाळ."

४० ते ७२. *दिसतं:* मेन्झाची रांग, तिचं ताट, घड्याळात १:००. ओट्यावर माय, हातात फोन. मग दोघी, आळीपाळीने.
*ऐकू येतं:* रिंग. माय फोन उचलते. पुढे जे बोलतील ते.

७२ ते ९०. *दिसतं:* ती कँटीनमधून बाहेर येते, थांबते, कॅमेऱ्याकडे बघते.
*ऐकू येतं:* "चार वाजता अठी अंधार पडते. उद्या पुन्हा एक वाजता. तुमच्या घरून फोन आला, की पहिला शब्द कोणता असते?"

बत्तीस सेकंदं मी मोकळी सोडली आहेत ती चुकून नाही. तिथे मायसाठी वाक्य लिहायचं नाही. "माय, तू असं म्हण" म्हटलंस की ती साडीचा पदर नीट करेल, आवाज चढवेल आणि पाहुण्यांसमोर बोलतात तसं शुद्ध बोलेल. मी लग्नाचे व्हिडिओ काढायची तेव्हा नवरीच्या आईला दोन वाक्यं बोलायला सांगायचे. दरवेळी तेच, "आमची मुलगी आम्ही तुमच्या पदरात टाकली." एकदा कॅमेरा चालू राहिला आणि ती बाई वळून नवरीला म्हणाली, "तुझी गोळी घेतली का?" लग्नाच्या त्या तीन तासांतला तेवढाच तुकडा त्या घरात अजून बघतात.

पहिल्या चार सेकंदांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुझे लोक तिथेच जातात. सुरुवातीच्या ओळीने दोन कामं करायची असतात. एक, बघणाऱ्याला स्वतःचं काहीतरी दिसलं पाहिजे. दुसरं, काहीतरी अर्धं राहिलं पाहिजे. "मायचा अर्धा दिवस झाला रायते" या ओळीत माय सगळ्यांची आहे, आणि अर्धा दिवस कसा काय झाला हे अर्धं राहिलं आहे. चित्रही तसंच: काळोख आणि त्याला चिकटून रखरखीत ऊन. "जर्मनीत सूर्य उशिरा उगवतो, माहीत आहे का?" असंही लिहिता आलं असतं, पण तो सामान्यज्ञानाचा प्रश्न झाला. उत्तर मिळालं की माणूस मोकळा.

तपासायची साधी रीत आहे. व्हिडिओ करण्याआधी पहिली ओळ पानटपरीवर किंवा एसटीच्या थांब्यावर कोणाला तरी नुसती म्हणून दाखव आणि गप्प बस. समोरचा म्हणाला "बरं मग?" तर ओळ लागली. "अस्सं" म्हणाला तर पुन्हा लिही.

व्हिडिओ टाकल्यावर दुसरी तपासणी. यूट्यूबच्या Studio मध्ये किती लोक कोणत्या सेकंदापर्यंत राहिले याची रेघ दिसते. ती रेघ हळूहळू उतरते, ते सगळ्यांचंच होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सुरुवातीलाच कडा तुटल्यासारखी खाली आली तर पहिली ओळ चुकली. मध्येच एका ठिकाणी खड्डा पडला तर त्या सेकंदाला जाऊन बघ, तिथे बहुतेक ट्राम असेल. आणि कुठे रेघ उलटी वर चढली, तर लोकांनी ते मागे जाऊन पुन्हा पाहिलं. तुझ्या चौथ्या व्हिडिओत बाटल्यांच्या मशीनपाशी अशी टेकडी असणार, उघडून बघ.

आता काढायचं कसं. तुझी बाजू अवघड आहे, तिची सोपी.

डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. फोन साडेपाचचा. म्हणजे ओट्यावर चांगला उजेड तुला जेमतेम दहा मिनिटं मिळतो आणि दुसऱ्यांदा काढायची सोय नाही. आदल्या दिवशी त्याच वेळी ओट्यावर जाऊन ऊन कुठून येतं ते बघ आणि मायला पश्चिमेकडे तोंड करून बसव. बसव म्हणजे खाट तशी टाक, ती आपोआप बसेल. तिचा फोन तिच्या हातात, तुझा फोन पाण्याच्या डब्याला टेकवून एका हाताच्या अंतरावर. अंतर वाढलं की आवाज पातळ होतो. पंखा असेल तर बंद कर. मी एका आजीबाईंची तासभर मुलाखत पंख्याखाली घेतली होती. घरी येऊन कानाला लावलं तर आजी कुठेच नव्हत्या, नुसता पंखा. ओट्यावर नेटवर्क नसेल आणि माय पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बोलत असेल, तर टाकीजवळच काढ. उलट बरंच आहे, नेटवर्क शोधत चाललेली माय गावातल्या प्रत्येकाला ओळखीची आहे.

व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग वापरू नकोस. चित्र फुटतं, आवाज चिरकतो. तिचा दुसरा फोन तिच्यासमोर ग्लासला टेकवलेला, तुझा मायसमोर; दोन्हीकडे स्वच्छ आवाज वेगवेगळा घ्यायचा आणि जोडताना एकमेकांना उत्तर द्यायला लावायचं. इंटरनेटच्या फोनवर प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये थोडी पोकळी असते, सगळ्या पोकळ्या कापू नकोस. एक ठेव. समज, माय विचारते "काय जेवून रायली?" आणि ही म्हणते "उकडलेले बटाटे." त्यानंतर मायचा चेहरा दोन सेकंदं ठेव, काही न बोलता. मग ती म्हणेल ते. मी पैज लावते, "नुसते?" म्हणेल.

तिच्याकडून तुकडे मागताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून घेऊ नकोस, तो दाबून छोटा होतो आणि शाळेतला पुसलेला फळा धुरकट दिसतो तसं सगळं धुरकट होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. तुझ्याकडे उतरायला रात्र लागेल, लागू दे. आणि तिला सांग, प्रत्येक तुकडा सुरू करून मनात पाच मोजायचे, मग हलायचं. तिचे सगळे तुकडे चालत्या कॅमेऱ्याने सुरू होतात, म्हणून तुला कापायला जागाच मिळत नाही.

एक गोष्ट तिच्या बाजूने जपायची आहे. जर्मनीत कोणाचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. हा कायदा तिकडे १९०७ पासून आहे. मागे लांब गर्दी दिसली तर वेगळं, पण मेन्झाच्या रांगेत शेजारच्याचा चेहरा भरून दाखवला तर तो हरकत घेऊ शकतो. तुमच्या तिसऱ्या व्हिडिओत तिची खोलीमैत्रीण स्पष्ट दिसते, तिला विचारलं होतं का? रांग दाखवायची तर ताट दाखवायचं, पाय दाखवायचे, पाठी दाखवायच्या. वर्गात आणि लॅबमध्ये आधी विचारून, नाही म्हटलं तर नाही. दोन माणसांचं खासगी बोलणं न सांगता रेकॉर्ड करणं तर तिकडे गुन्हाच आहे, म्हणून फोनचा आवाज घेतो आहोत हे दोघींनाही आधी माहीत पाहिजे. मायला सांगताना "यूट्यूबवर टाकणार" असं पूर्ण सांग. जोडून झालं की तिला आधी दाखव. वावरातले हात दाखवायला तिची ना असेल तर ओट्यावरचाच भाग ठेव, व्हिडिओ पडत नाही.

आणि मायच्या हातांवर ते रडकं पियानोचं संगीत टाकशील तर मी तुझी पुढची चिठ्ठी वाचणार नाही. ती कापूस वेचते आहे. हिवाळ्यात दारव्हा तालुक्यात कितीतरी बाया तेच करतात. कापूस निघताना होणारा बारीक आवाज ठेव, तेवढं संगीत पुरे.

आता शेवटचा प्रश्न. "तुम्हाला काय वाटतं?" याला मामा उत्तर देतो कारण मामाला तुझं मन राखायचं आहे. बाकीच्यांना कशाबद्दल काय वाटायला हवं तेच कळत नाही. "भारत बरा की जर्मनी?" असा प्रश्न टाकलास तर कमेंट भरपूर येतील, पण चौथ्या कमेंटला भांडण आणि दहाव्या कमेंटला तुझ्या बहिणीने परत यावं की येऊ नये यावर गावाचा निकाल. तिला ते रात्री खोलीत एकटीने वाचायचं आहे, हे लक्षात घे. "तुम्हीही घरी फोन करता का?" याला "हो" एवढंच उत्तर आहे.

"पहिला शब्द कोणता असते?" हा प्रश्न मी तीन कारणांनी निवडला. उत्तर सगळ्यांकडे तयार आहे, शोधावं लागत नाही. ते अंगठ्याने दोन शब्दांत लिहिता येतं, आणि मराठी टाइप न येणाऱ्या काकूही "jevla ka" लिहून मोकळ्या होतात. तिसरं, चूक-बरोबर काही नाही, त्यामुळे कोणी कोणाला शिकवायला जात नाही. पण हा प्रश्न चालेल तो फक्त या व्हिडिओच्या शेवटी, कारण पस्तीस-चाळीस सेकंदं आधी बघणाऱ्याने मायचा पहिला शब्द ऐकलेला असतो. बाटल्यांच्या व्हिडिओला तो चिकटवलास तर लोंबेल. तिथे विचारायचं, "तुमच्या घरी काय फेकत नाहीत, साठवून ठेवतात?" प्रश्न धाग्यातून निघाला पाहिजे.

प्रश्न एकच. तू दरवेळी तीन विचारतोस आणि मागून लाइक, शेअर, सबस्क्राइब. तीन माणसांनी एकदम हाक मारली तर आपण कोणाकडेच वळत नाही. प्रश्न तिच्या तोंडी असू दे, तेच शब्द पडद्यावरही लिही, कारण एसटीत बसलेले लोक आवाज बंद करून बघतात. त्यानंतर तिचा चेहरा दोन सेकंदं तसाच ठेव आणि संपव. पहिली कमेंट तू टाक: माय खरोखर काय म्हणाली ते, तिच्या शब्दांत. मामाला म्हणावं, या वेळी दुसरी टाका.

दीड मिनिटात बसलं नाही तर घाबरू नकोस. यूट्यूबवरचा उभा शॉर्ट ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतो. पण वाढवायचंच असेल तर फोनचा भाग वाढव, ट्रामचा नको.

तिच्या व्हिसाबद्दल दोन ओळी, कारण दुसऱ्या व्हिडिओत ती "इथे विद्यार्थी हवं तेवढं काम करू शकतात" म्हणून गेली आहे. तसं नाही. युरोपाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते, मार्च २०२४ पासूनचा हा आकडा आहे. त्याआधी १२० आणि २४० होता. आपल्या गावातलं कोणी पोरगं ते वाक्य ऐकून कर्जाचा हिशेब मांडेल, म्हणून ते काढून टाक. आणि नोकरीच्या या दिवसांत स्वतःचा धंदा धरलेला नाही. चॅनेलमधून उद्या पैसे यायला लागले आणि ते तिच्या नावावर जाणार असतील, तर तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात तिने आधी परवानगी विचारायची. आज तुमच्या चॅनेलवर तो प्रश्न नाही, मामा एकटा किती बघणार.

आता वेळेचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळं एक तास पुढे करतात. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेतीन तासांचा होतो. मग तिचा एक वाजला की तुमच्याकडे साडेचार, आणि चारला अंधारही पडत नाही; उन्हाळ्यात तिकडे रात्री नवालाही उजेड असतो. म्हणजे ही स्क्रिप्ट हिवाळ्यातच खरी आहे. एप्रिलमध्ये टाकलीस तर कोणी तरी हुशार बोटं मोजून पहिली कमेंट त्याचीच करेल.

त्यामुळे आधी पऱ्हाटीतले तुकडे काढ, ओट्यावरचं नंतर. वेचणी किती दिवस चालेल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. ऊन डोक्यावर असताना जा, साडेअकराच्या सुमारास, म्हणजे पडद्यावरची वेळही खरी राहील. हातांच्या जवळून काढ, बोंड, बोटं, ओटी, चेहरा नको. अर्धा तास काढलंस की फोन बांधावर ठेव आणि एक ओळ वेचून दे. माय तुला तसंही नुसतं उभं राहू देणार नाही.